खिडकीत बसलेली खुर्ची

मूल दोन वर्षांचं झालं की विमानात त्याला मांडीवर घेता येत नाही, वेगळी सीट घ्यावी लागते. हे तिकिटाचे पैसे घेताना कुणीही विसरत नाही. मग त्याच सीटवर आम्ही मुलाची कारसीट लावली की विमानात शिरल्यावर सगळ्यांना एवढा धक्का का बसतो, हे मला कालपासून कळत नाहीये.

दारातच कर्मचारी बाई म्हणाल्या, सर हे वर सामानात जाणार नाही. म्हणलं वर नाही हो, सीटवर लावायचंय. मग मी कारसीट उलटी करून बुडावरचं स्टिकर दाखवलं, लाल अक्षरांत लिहिलंय की मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे वापरायला प्रमाणित. त्यांनी ते दोनदा वाचलं, कुणालातरी विचारून आल्या आणि म्हणाल्या, मग खिडकीतच लावायची हं. माहितीये बाई, म्हणूनच खिडकी घेतली. पळायची वेळ आली तर खुर्ची कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून ती खिडकीत, आणि इमर्जन्सी दाराच्या रांगेत तर अजिबात नाही.

फक्त त्या खिडकीत आधीच एक काका बसले होते. तिकीट कडेच्या सीटचं, पण बसले होते.

"काका, ही आमची जागा."

"बसा की तुम्ही मधे. बाळ घ्या मांडीवर."

"तो दोन वर्षांचा झालाय, मांडीवर चालत नाही. तिथे त्याची खुर्ची लावायचीय."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, मग परत खुर्चीकडे. "म्हणजे खिडकी खुर्चीला?"

"हो."

"अहो खुर्चीला काय दिसणार आहे बाहेरचं?"

मी म्हणलं खुर्चीत मुलगा बसणार आहे. काका म्हणाले मुलगा झोपणार, मी बघितलीयेत मुलं. मग चौकशी सुरू झाली. खुर्चीचं वेगळं तिकीट का? नाही, मुलाचंच. मग खुर्ची फुकट? हो. "म्हणजे फुकटच्या खुर्चीसाठी पैसे भरलेल्या माणसाने उठायचं!" हे त्यांनी मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं म्हणलं, आणि मागच्या रांगेने चक्क मान डोलावली. शेवटी त्या बाई आल्या तेव्हा उठले, पण उठताना "देवाने मांडी कशाला दिलीय मग" हे म्हणूनच.

आता मांडीचं सांगतो, कारण तिथे मला खरंच राग येतो. बारा किलोचं मूल मोठ्या धक्क्यात क्षणभर तिप्पट जड झालं तर छत्तीस किलो होतं, आणि ते हातांनी धरून ठेवतो म्हणणाऱ्याने आधी तेवढं वजन अचानक झेलून दाखवावं. 1989 साली अमेरिकेत सू सिटीला एक विमान कोसळत उतरलं तेव्हा मांडीवरच्या बाळांना आईबापांनी खाली जमिनीवर ठेवून धरायचं अशी सूचना होती, आणि त्यातलं एक बाळ गेलं. इतकी वर्षं झाली तरी दोनच्या आतल्या मुलाला मांडीवर चालतंच, कायद्याने चालतं.

असो. खुर्ची लावणं हा वेगळाच व्यायाम. विमानात खांद्याचा पट्टा नसतो, नुसता कमरेचा, म्हणून मोटारीत मुलाला उंच करायला ठेवतात तो बूस्टर इथे चालत नाही, स्वतःचे पट्टे असलेली सीटच लागते. कमरेचा पट्टा खुर्चीच्या मागून ठरलेल्या खाचेतून काढायचा, गुडघा खुर्चीत रोवून सगळं वजन टाकायचं आणि पट्टा ओढायचा. खाचेजवळ धरून हलवल्यावर इंचापेक्षा जास्त सरकली नाही म्हणजे झालं. खरी मेख बकलात. ते नेमकं मुलाच्या पाठीमागे येतं, आणि उघडायची पट्टी खुर्चीच्या बाजूला राहिली तर उतरताना ती उचलायला जागाच राहात नाही, बोटं सोलून निघतात. म्हणून लावतानाच बकल उलटं करायचं, उघडायची पट्टी विमानाच्या सीटकडे. हे सगळं मी काकांच्या गुडघ्यांना पाठ घासत केलं. काका एकदाही पाय आत घेत नव्हते, फक्त विचारत होते, "झालं का? एवढ्यात तर हॉलमधला पंखा लागतो."

खुर्चीत उंच बसल्यामुळे मुलाचे पाय बरोबर पुढच्या सीटच्या पाठीला पोचतात, त्यावरून पुढच्या माणसाशी जे झालं ते जाऊ दे. मुलगा झोपला मात्र, काका जिंकले.

उतरल्यावर पट्टा एका झटक्यात सुटला. मी खुर्ची उपसत होतो आणि काका आधीच वाटेत उभे राहून फोनवर घरी सांगत होते, "पोचलो. नाही गं, खिडकी नाही मिळाली. तिथे एक खुर्ची बसली होती."