दोन टक्क्यांचा नियम आठ सौद्यांना पुरत नाही

“एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त जोखीम घ्यायची नाही, प्रत्येक सौद्याला स्टॉपलॉस लावायचा, शेअर वेगवेगळ्या कंपन्यांचे ठेवायचे. मग एकूण जोखमीवर आणखी मर्यादा कशाला? सगळे स्टॉपलॉस एकाच दिवशी थोडेच लागतात! अशी मर्यादा घालणारा ऐन तेजीत हात बांधून बसतो.”

जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत शेअर बाजारात काम करणाऱ्या मंडळींमध्ये हा मजकूर गेले काही महिने फिरतो आहे. त्यातला प्रत्येक सौद्यामागे दोन टक्क्यांचा सल्ला चांगलाच आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र मला पटत नाहीत, आणि ते का पटत नाहीत हे भुसावळच्या एका मित्राच्या वहीवरून सांगता येईल.

आधी स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीपर्यंत पडला की शेअर विकण्याची आधीच दिलेली ऑर्डर, एकाच दिवशी लागण्याविषयी. या मित्राचे स्वतःचे भांडवल ५ लाख रुपयांचे. ३ जून २०२४ रोजी, एक्झिट पोलनंतर बाजार तीन टक्क्यांहून अधिक उसळला त्या दिवशी, त्याच्याकडे आठ शेअर होते आणि प्रत्येकात सुमारे एक लाख रुपये गुंतलेले होते. वरचे तीन लाख त्याने दलालाच्या मार्जिन ट्रेडिंग सुविधेतून उसने घेतले होते. प्रत्येक शेअरचा स्टॉपलॉस खरेदीभावाच्या आठ टक्के खाली, म्हणजे एका सौद्यामागे जोखीम ८ हजार रुपये, भांडवलाच्या १.६ टक्के. दोन टक्क्यांचा नियम त्याने कुठेही मोडलेला नव्हता. वहीत शेअरचे नाव, नग, भाव, स्टॉपलॉस आणि फरक असे रकाने नीट आखलेले होते, पण शेवटच्या रकान्याखाली बेरीज नव्हती. ती केली असती तर ६४ हजार रुपये, म्हणजे भांडवलाच्या १२.८ टक्के, असा आकडा आला असता. या बेरजेलाच ट्रेडर पोर्टफोलिओची हीट म्हणतात.

दुसऱ्या दिवशी लोकसभेची मतमोजणी झाली आणि निफ्टी जवळजवळ सहा टक्के घसरून बंद झाला, तर सरकारी बँकांचा निर्देशांक पंधरा टक्क्यांच्या आसपास पडला. मित्राच्या आठांपैकी पाच शेअर सरकारी कंपन्यांचे होते: दोन बँका, दोन वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या कंपन्या आणि एक रेल्वेशी संबंधित कंपनी. नावे पाच, धंदे तीन, पण त्या आठवड्यात त्या सगळ्यांचा भाव सरकार मोठ्या बहुमताने परत येईल या एकाच अपेक्षेवर उभा होता. पाचही स्टॉपलॉस लागले, आणि पडत्या बाजारात घेणारे मिळेनात म्हणून विक्री आठऐवजी सरासरी दहा टक्के खाली झाली. तिथे ५० हजार गेले. दोन खासगी कंपन्यांत १६ हजार गेले. आठवा शेअर साबण-तेल विकणाऱ्या कंपनीचा होता आणि तो त्या दिवशी वाढला. एकूण तोटा ६६ हजार, म्हणजे १३.२ टक्के, पुन्हा पाच लाखांवर यायचे तर उरलेल्या भांडवलावर सव्वापंधरा टक्के कमवावे लागणार होते.

वेगवेगळ्या कंपन्या घेतल्या की जोखीम वाटली जाते, हा दुसरा दावा इथेच निकालात निघतो. रावेर-यावलच्या पट्ट्यात एकाच शिवारात केळीचे आठ वेगवेगळे तुकडे असले, म्हणून उन्हाळी वादळात आठांपैकी चार वाचतील असा हिशेब कोणताही शेतकरी करत नाही. शेअरचेही मोजायचे ते कशामुळे पडतील यावरून. १९८३ मध्ये रिचर्ड डेनिस यांनी शिकागोत नवख्यांना वायदेबाजाराचे जे नियम शिकवले, त्यांत एका बाजारात जास्तीत जास्त ४ युनिट, म्हणजे ठरावीक जोखमीचे ४ हिस्से, एकमेकांशी घट्ट जोडलेल्या बाजारांत मिळून ६ आणि एकाच दिशेने सगळे मिळून १२ अशी बंधने होती. तिथेही प्रत्येक सौद्याला स्टॉप होताच, तरीही वरून ही बंधने लागली.

म्हणून मित्राने नंतर दोन आकडे ठरवले: सगळ्या उघड्या सौद्यांची मिळून जोखीम भांडवलाच्या सहा टक्के, आणि एकाच कारणाने हलणाऱ्या गटाची तीन टक्के. पाच लाखांवर हे ३० हजार आणि १५ हजार होतात. त्या दिवशी हे आकडे पाळले असते तर सरकारी गटात पाच शेअर ठेवता आले असते, पण प्रत्येकात ८ हजारांऐवजी ३ हजारांचीच जोखीम घेऊन. स्टॉपलॉस तितकेच घसरून लागले असते तरी १५ हजारांचे १८,७५० झाले असते. खासगी शेअरपैकी एकच बसला असता, त्याचे ८ हजार धरून एकूण तोटा २६,७५० रुपये, म्हणजे ५.३५ टक्के.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. गटाची मर्यादा तीन टक्क्यांची असूनही तोटा पावणेचार टक्के झाला, कारण हीटची बेरीज स्टॉपलॉसच्या भावाला विक्री होईल असे गृहीत धरते. भाव थेट खाली उघडला, तर विक्री त्या खालच्या भावाला होते; आणि ठरावीक भावाखाली विकू नये अशी लिमिट लावलेली असेल व भाव तिच्या पलीकडे गेला, तर ती ऑर्डर तशीच पडून राहते. २३ मार्च २०२० रोजी तर निर्देशांक दहा टक्के पडल्यावर व्यवहारच ४५ मिनिटे थांबले होते. त्यामुळे मर्यादा ठरवताना आपल्याला सोसेल त्या तोट्याच्या बरीच खाली ठरवावी लागते.

उरला तेजीत हात बांधले जाण्याचा आक्षेप, आणि माझ्या मते तो सर्वांत कच्चा आहे, कारण हीट स्थिर राहत नाही. ४०० रुपयांना २५० नग घेतले आणि स्टॉपलॉस ३६८ ला असला, तर जोखीम ८ हजार. भाव ४४० झाला आणि स्टॉपलॉस ४०० वर आणला, की मूळ भांडवलाची जोखीम शून्य होते आणि तेवढी जागा नव्या सौद्याला मोकळी होते. खरी तेजी असेल तर जुने सौदेच नव्यांना वाट करून देतात. सौदे वर जात नसतील, तर मर्यादा नवे सौदे अडवते आणि तेव्हा अडवायलाच हवे. मात्र भांडवल आजच्या बाजारभावाने मोजत असाल, तर जोखीमही आजच्या भावापासून मोजावी लागेल, म्हणजे याच सौद्यात ४० रुपये गुणिले २५०, १० हजार. भांडवल वाढीव आणि जोखीम खरेदीभावाची, असा मिश्र हिशेब केला की बेरीज खोटी निघते.

यात हमखास होणारी चूकही आहे: नव्या शेअरला जागा व्हावी म्हणून जुन्याचा स्टॉपलॉस ओढूनताणून वर घेणे. तो शेअर रोजच्या साध्या चढउतारातच बाहेर पडतो आणि दोनचार दिवसांत पुन्हा वर दिसतो. वहीत असे वारंवार घडलेले आढळले, तर स्टॉपलॉस जागेवर ठेवून नग कमी करावेत.

उसने पैसे न घेता फक्त रोखीने शेअर घेणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे सगळे भांडवल गुंतले आणि स्टॉपलॉस सरासरी आठ टक्के खाली असले, तर हीट आठ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. सहा टक्क्यांची मर्यादा त्याला एवढेच सांगते की ५ लाखांपैकी ३ लाख ७५ हजारच एका वेळी बाजारात ठेवावेत. माझ्या मित्राने त्या तीन लाखांची उचल केली नसती, तर बेरीज न करताही तो ४० हजारांवर अडला असता.