बशीतला k

बारावीतल्या मुलीच्या गणितात नाक खुपसायचं नाही, असा आमच्या घरात अलिखित करार आहे. रविवारी तो मी मोडला, कारण गणित चहाचं होतं आणि चहातलं मला कळतं असा माझा समज होता. कपातला चहा ९० अंश सेल्सिअस, खोली ३० अंश. ५ मिनिटांनी चहा ७० अंशांवर येतो. तर ५० अंशांवर यायला सुरुवातीपासून किती वेळ?

"हात्तिच्या! पाच मिनिटांत वीस उतरले, चाळीसला दहा मिनिटं."

"आणि वीस मिनिटांनी किती रे, बाबा?"

मी ऐंशी वजा केले. दहा अंश! भर उकाड्यात ओट्यावर ठेवलेला चहा फ्रिजातल्या ताकासारखा.

लेकीने सुस्कारा सोडला. न्यूटनचा नियम असा, की चहा गार होण्याचा वेग तो खोलीपेक्षा किती गरम आहे त्यावर ठरतो. फरक कमी होत गेला की वेगही मंदावतो. मी उत्साहाने समीकरण मांडलं, θ म्हणजे चहाचं तापमान, t म्हणजे वेळ आणि k म्हणजे चहा किती भराभर निवतो ते ठरवणारा स्थिरांक: dθ/dt = −kθ.

"खोली कुठे गेली? याने तुझा चहा शून्याकडे निघालाय. रात्रभर ठेवलास तर सकाळी बर्फ."

मग तिने वही ओढून घेतली.

```
dθ/dt = −k(θ − 30)
log(θ − 30) = −kt + c
```

c मी लिहिलाच नसता, हे कबूल करतो. तो गाळला तर t = 0 ला log 60 शून्य व्हायला हवा, आणि तो काही होत नाही. म्हणून c = log 60, आणि शेवटी θ = 30 + 60e^(−kt).

आता k काढायला मी कॅल्क्युलेटर शोधू लागलो. "थांब," ती म्हणाली. "फरक साठाचा चाळीस झाला, म्हणजे दर पाच मिनिटांनी दोन तृतीयांश उरतो. साठ, चाळीस, सत्तावीसच्या आत, मग अठराच्या आत. आपल्याला वीस हवाय. उत्तर दहा आणि पंधरा मिनिटांच्या मध्येच." हे मात्र मला आवडलं. गणित सुटायच्या आधीच उत्तराला कुंपण! लॉग घेतल्यावर 5 × log 3 / log 1.5, म्हणजे साधारण साडेतेरा मिनिटं आली.

"आणि वाफ जाते तिचं काय?" स्वयंपाकघरातून हिचा आवाज. "उघडा चहा आधी भराभर निवतो. झाकण ठेवलं की रेंगाळतो."

लेक गप्प. वाफेसाठी वेगळं पद पुस्तकाने घेतलेलं नव्हतं. सगळा भार बिचाऱ्या k वर.

तेवढ्यात चहा आला. साडेतेरा मिनिटं थांबायचा धीर कोणाला? मी सवयीने बशीत ओतला आणि फुंकर मारली.

"बाबा! पसरट बशी, वर फुंकर. k बदललास. आता सगळं पुन्हा मांड."

मी भुरका मारला.