लाइक लपवले कोणी?

"दादा, खरं सांग. आमच्या ह्यांनी ट्विटरवरचे लाइक लपवलेत, आधी दिसायचे. आणि शाळेच्या ग्रुपमधली ती एक आहे ना, तिच्या रीलवरचा ह्यांचा लाइक मात्र मला इन्स्टावर आपोआप दिसला. तुमच्या जर्मनीत नवरा-बायको एकमेकांचा मोबाइल बघतात का? मी बघितला तर काय चुकलं?"

साताऱ्याहून मामेबहिणीचा हा मेसेज आला तेव्हा तिच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. साडेबाराला जागं राहून लिहिलेला मेसेज साधा नसतो, म्हणून मी फोनच केला.

पहिली गोष्ट सोपी होती. ट्विटरवरचे, म्हणजे आताच्या एक्सवरचे लाइक तिच्या नवऱ्याने लपवलेलेच नाहीत. जून २०२४ मध्ये कंपनीनेच सगळ्या जगाचे लाइक एका झटक्यात झाकले. त्याआधी कोणाच्याही प्रोफाइलवर जाऊन त्याने काय काय लाइक केलं त्याची यादी वाचता यायची. आता आपले लाइक आपल्याला दिसतात, आणि ज्याच्या पोस्टला लाइक मिळाला त्याला कळतं कोणी दिला ते. तिसऱ्याला काही नाही. आमचे दाजी पतसंस्थेत मॅनेजर, ट्विटरवर क्रिकेट आणि राजकारण सोडून कशाला हात लावत नाहीत. आपल्या खात्याचं असं काही झालंय हे त्यांना बहुधा आजही माहीत नसेल.

इन्स्टाग्रामचं नेमकं उलटं झालं. आपण ज्यांना फॉलो करतो ते कशाला लाइक करतात, हे दाखवणारा एक विभाग तिथे पूर्वी होता. २०१९ च्या ऑक्टोबरात तो काढून टाकला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये रीलच्या 'फ्रेंड्स' विभागातून तोच प्रकार मागच्या दाराने परत आला. ओळखीच्यांनी लाइक केलेली रील त्यांच्या छोट्या गोल फोटोसकट समोर येते. हे बंद करायची सोय आहे, पण आहे हे ठाऊक असलेला माणूस मला अजून भेटायचाय. थोडक्यात, एका कंपनीने पडदा ओढला, दुसरीने उघडला आणि साताऱ्यातल्या दोन खोल्यांत त्याचा अर्थ लागला तो असा, की माणूस एकीकडे लपवतोय आणि दुसरीकडे सापडतोय.

आणखी एक गैरसमज. इन्स्टावर लाइकचा आकडा झाकता येतो, २०२१ पासून. त्याने आकडा जातो, नावं जात नाहीत. 'लाइक हाइड केलेत' या एका वाक्यावरून आमच्या नात्यात एक साखरपुडा लांबल्याचं मला माहीत आहे, आणि झाकला होता तो फक्त आकडा.

"बरं, ते सोड," बहीण म्हणाली. "पण ती मुळात ह्यांच्या यादीत आली कुठून?"

आली शाळेतून. दहावीच्या बॅचला तीस वर्षं झाली म्हणून कोणीतरी उत्साही माणूस नंबर गोळा करत सुटतो, ग्रुप निघतो, एखाद्या रिसॉर्टवर स्नेहमेळावा होतो, जुने गुरुजी सत्काराला येतात. नंबर फोनमध्ये सेव्ह झाला आणि फेसबुकला किंवा इन्स्टाला आपली फोनबुक वाचायची परवानगी दिलेली असली, की 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून तोच चेहरा पुढ्यात येतो. परवानगी आपणच दिलेली असायला हवी असंही नाही, समोरच्याने दिलेली पुरते. त्यामुळे 'ह्यांनी तिला शोधून काढलं' हे त्या यादीवरून सिद्ध होत नाही.

व्हॉट्सॲपचं स्टेटस मात्र थोडं जास्त बोलतं. साध्या माणसांचं स्टेटस एकमेकांना तेव्हाच दिसतं, जेव्हा दोघांकडेही एकमेकांचा नंबर सेव्ह असतो. बहिणीने ह्यांच्या स्टेटसच्या खाली तिचं नाव पाहिलं होतं. म्हणजे दोघांनी नंबर जपून ठेवलेत, एवढं खरं. त्यापुढचं काही त्या खुणेत नाही. पन्नाशीला टेकलेल्या बॅचमध्ये सत्तर जणांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असतात, त्यात आठवीत जिच्यासाठी मुद्दाम बाजूच्या बाकावर बसलो तीही असते. मी हे बोललो आणि पलीकडे शांतता झाली. आठवीचा विषय काढायला नको होता.

आता जर्मनीचं. माझी इथे स्टुटगार्टमध्ये वीस वर्षं होत आली, तरी बहिणीच्या प्रश्नाला 'इथे नाही बघत बाई' असं उत्तर द्यायला जीभ उचलली नाही. बघतात. जेवणाच्या टेबलावर आमच्या कचेरीतला एक जर्मन सहकारी ठासून म्हणाला, "बायकोचा मोबाइल नुसता हातात घेतला तरी इथे गुन्हा आहे." त्याचं अर्धंच खरं. कायदा बोलतो तो कुलूपबंद माहितीबद्दल, म्हणजे संरक्षण भेदून कोणी आत शिरलं तर. टेबलावर उघडा पडलेला फोन हा प्रकार वेगळा. मात्र दुसऱ्याचं खासगी बोलणं त्याच्या नकळत रेकॉर्ड करणं हा इथे खरोखर फौजदारी गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा, आणि नवरा-बायको म्हणून त्यात सूट नाही.

भारतात गेल्या वर्षापासून वारं उलट्या दिशेने वाहतंय. पंजाबातल्या भटिंड्याच्या एका नवऱ्याने बायकोशी झालेले फोन तिच्या नकळत रेकॉर्ड केले आणि घटस्फोटाच्या दाव्यात सीडी ठेवली. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा तिच्या खासगीपणावर घाला आहे म्हणून ती नाकारली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि पुरावा चालेल असं सांगितलं. न्यायालय असंही म्हणालं, की जोडपं एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत गेलं असेल, तर तेच नातं बिघडल्याचं लक्षण आहे.

पुण्यात वकिली करणारा माझा मेहुणा कुटुंब न्यायालयात रोज उभा राहतो. त्याचं म्हणणं, निकाल चुकीचा नाही. घरात चार भिंतींच्या आत मार खाणाऱ्या बाईकडे रेकॉर्डिंगशिवाय दुसरा पुरावा असतो कुठे? हे मला खोडून काढता आलं नाही, आणि अजूनही येत नाही. "पण लाइकचं विचारशील," तो हसून म्हणाला, "तर लाइकने काही सिद्ध होत नाही. माझ्याकडे पक्षकार दोनशे-दोनशे स्क्रीनशॉट घेऊन येतात. मी विचारतो, यातलं एक दाखवा ज्यात काहीतरी घडलंय. तेव्हा ते पुन्हा रीलवरचा बदाम दाखवतात."

फरक मला इथे दिसतो. जर्मनीने १९७७ मध्ये घटस्फोटातून 'चूक कोणाची' हा प्रश्नच काढून टाकला. वर्षभर वेगळे राहा, दोघांनाही नको असेल तर संसार मोडला असं न्यायालय धरतं. तिथे बदामांचा ढीग कोणापुढे नेऊन ठेवणार? आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीची वाट १९७६ पासून आहे, पण एकाने नाही म्हटलं की गाडी पुन्हा क्रूरता आणि व्यभिचाराच्या रुळावर येते. २०१८ नंतर व्यभिचार गुन्हा उरला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र राहिला. त्यामुळे संशय आला की माणूस विचारण्याआधी जमवायला लागतो. स्क्रीनशॉट, वेळा, 'लास्ट सीन'. उद्या लागलंच तर असावं म्हणून.

याचा अर्थ इथली माणसं शहाणी असा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं अकरा वर्षं एकत्र राहून एकमेकांचा फोन चुकूनही उचलत नव्हतं. गेल्या वर्षी ती सोडून गेली, आणि ती वर्षभर दुसऱ्या कोणावर प्रेम करत होती हे त्याला घर आवरताना कळलं. न बघण्याची इतकी सवय, की समोरच्याचा चेहराही बघायचा राहून गेला. त्याचं दुःख मी पाहिलंय, म्हणून साताऱ्याला जर्मनीचा दाखला देताना मला अवघड वाटतं.

मराठी मंडळात मी हा विषय काढला तर एका काकूंना वाटलं मी गणपतीच्या फोटोंबद्दल बोलतोय. त्यांचं दुःख त्या वर्षांनुवर्षं सांगतात: आरतीचे फोटो टाकायचे तर प्रत्येकाची परवानगी मागायची, मुलांच्या आईवडिलांचीही. हा इथला १९०७ चा कायदा. आधी १८९८ मध्ये दोन फोटोग्राफर बिस्मार्कच्या मृत्युशय्येपाशी चोरून शिरले होते, त्या गदारोळाचा त्यामागे मोठा हात. काकू विषयाला सोडून बोलत होत्या, पण माझ्या कामाचं बोलून गेल्या. इथे फोटो टाकण्याआधी विचारतात, म्हणून 'हा फोटो तू का टाकलास, तिच्या शेजारी का उभा होतास' हे भांडण निदान आधीच होऊन जातं. स्नेहमेळाव्याचे दीडशे फोटो आपल्याकडे मध्यरात्री एकदम पडतात, आणि कोण कोणाच्या शेजारी उभं आहे हे घरची माणसं सकाळी चहाबरोबर मोजतात.

माझा स्वतःचा पराक्रमही सांगतो. दिवाळीच्या फराळाच्या फोटोवर कॉलेजातल्या एका मैत्रिणीने लिहिलं, 'चकल्या अजून वाकड्याच का रे?' निरुपद्रवी. पण 'अजून' या शब्दावरून प्रश्न येतील म्हणून मी ती कॉमेंट उडवली. बायकोला तिची सूचना आधीच येऊन गेली होती. चकलीने काही बिघडलं नसतं. उडवण्याने आठ दिवस गेले. मैत्रिणीबद्दल तिने एकदाही विचारलं नाही, 'उडवलीस का' एवढंच विचारत राहिली, आणि त्याला माझ्याकडे जे उत्तर होतं ते खरं असूनही खोटं वाटत होतं.

म्हणून बहिणीला मी सांगितलं ते एवढंच: मोबाइल बघू नकोस, लाइकचं थेट विचार. दिसलं ते तुला आपोआप दिसलंय, त्यात लपवण्यासारखं तुझ्याकडे काही नाही. ती 'बघते' म्हणाली. म्हणजे विचारून बघते की मोबाइल बघते, हे मी विचारलं नाही.

परवा पुन्हा मेसेज आला. "ह्यांनी मोबाइलचा पॅटर्न बदललाय."

मी लिहिलं, का बदलला ते विचारलंस?

"विचारू कसं? बदललाय हे मला कळलं कसं, ते आधी सांगावं लागेल."