चिमूटभर मीठ, चार ग्लास ताक आणि मावशीचं बीपी

"उन्हाळ्यात घामावाटे शरीरातलं मीठ निघून जातं. म्हणून बीपीवाल्यांनीसुद्धा रोज चार-पाच ग्लास मीठ-मसाल्याचं ताक प्यावं. पादेलोण आणि शेंदेलोण नैसर्गिक आहे, त्याने बीपी वाढत नाही. वाढलंच तर ताकातलं पोटॅशियम मिठाचा असर मारतं. ताक म्हणजे घरचं ओआरएस! उन्हाळ्यात बीपी आपोआप उतरतं, तेव्हा गोळी अर्धी केली तरी चालते. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल."

हे मला तीन ग्रुपवर आलं आणि तिन्ही वेळा मी सोडून दिलं. मग एक दिवस मावशीकडे गेलो, तर ओट्यावर ताकाचा जग भरलेला आणि शेजारी पादेलोणाची बरणी उघडी. मावशी सदुसष्ट वर्षांची, बीपीची गोळी नऊ वर्षांपासून चालू. "अरे, डॉक्टरांनीच लिहिलंय ते," म्हणाली. कुठल्या डॉक्टरांनी, ते मेसेजमध्ये नव्हतंच.

सगळ्यात आधी पादेलोणाचं, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. पादेलोण, शेंदेलोण, साधं मीठ, तिन्ही जवळजवळ पूर्णपणे सोडियम क्लोराइडच. पादेलोणाला जो उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा. शेंदेलोणाचा गुलाबी रंग लोहासारख्या खनिजांच्या अंशाचा. वास आणि रंग येण्याइतकी ती द्रव्यं त्यात असतात, सोडियमची जागा घेण्याइतकी नसतात. मूत्रपिंडाकडे सोडियम पोचतं तेव्हा ते खाणीतून आलं की मिठागरातून, हे त्याला कळत नाही. सोडियम साठलं की त्यामागे पाणी साठतं, रक्ताचं आकारमान वाढतं, दाब वाढतो. "नैसर्गिक" म्हणायचं तर समुद्राचं मीठही नैसर्गिकच की!

"पण मी घालून घालून किती घालते? चिमूटभर!" हे मावशीचं उत्तर. म्हणून मी तिचाच हात वापरला. स्वयंपाकघरातला वजनकाटा एक ग्रॅमच्या खालचं धड दाखवत नाही, तेव्हा एक चिमूट मोजण्यात अर्थ नव्हता. तिला म्हटलं, नेहमीसारख्या दहा चिमटी या वाटीत टाक. तिने तीन बोटांनी टाकल्या, अगदी सवयीने, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. काट्यावर 8 ग्रॅम आले. म्हणजे तिची एक चिमूट 0.8 ग्रॅमची. दर ग्लासला ती दोन चिमटी घालते, एक साध्या मिठाची आणि एक पादेलोणाची. हे झाले 1.6 ग्रॅम. दिवसाचे चार ग्लास, म्हणजे 6.4 ग्रॅम मीठ. मिठाच्या वजनात साधारण 40 टक्के सोडियम असतं, म्हणजे नुसत्या ताकातून अडीच हजार मिलिग्रॅम.

जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची मर्यादा दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियमची आहे, म्हणजे सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ. आमटी, भाजी, लोणचं, पापड सुरू व्हायच्या आधीच मावशी ती ओलांडून बसली होती. तुमची चिमूट वेगळी असेल, दोन बोटांची असेल. दहा चिमटी मोजून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता घामाचं. घामात मीठ असतं, हे खरं. एक लिटर घामात साधारण अर्ध्या ग्रॅमपासून एक-दीड ग्रॅमपर्यंत सोडियम जाऊ शकतं. पण घाम किती, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. भर उन्हात सहा तास स्लॅब टाकणारा माणूस कित्येक लिटर घाम गाळतो. मावशी पंख्याखाली शेंगा निवडते. शिवाय उन्हाची सवय झाली की, साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत, शरीर घामातलं मीठ राखायला शिकतं. आणि आपल्याकडे मिठाची तूट मुळात असते कुठे? आयसीएमआरच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतीय माणसाचं मीठ दिवसाला सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास निघालं होतं. घरात बसणाऱ्याची भरपाई जेवणातच होऊन जाते. घामाने मुख्यतः पाणी जातं, ते पाण्याने भरून निघतं.

पोटॅशियमच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. 2001 साली अमेरिकेत डॅश-सोडियम नावाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. 412 माणसांना महिना-महिना सगळं जेवण प्रयोगातर्फेच दिलं गेलं, म्हणजे कोण काय खातंय याची थापेबाजी नाही. काहींना नेहमीचा अमेरिकी आहार, काहींना भरपूर फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दही असलेला डॅश आहार. दोन्ही गटांत मीठ तीन पायऱ्यांवर ठेवलं: जास्त, मध्यम, कमी. जास्तीवरून कमीवर आल्यावर नेहमीच्या आहारात वरचं बीपी सरासरी 6.7 ने उतरलं. डॅश आहारात ते 3 ने उतरलं. याचा अर्थ नीट बघा. फळं-भाज्या-दुधाने मिठाचा असर खरोखरच निम्म्याहून कमी झाला. पण मेला नाही. उत्तम आहार घेणाऱ्यांचंही बीपी मीठ कमी केल्यावर आणखी उतरलंच. सगळ्यात खाली कोण होतं, तर डॅश आहार आणि कमी मीठ दोन्ही पाळणारे.

आणि त्या आहारात पोटॅशियम दिवसाला साडेचार हजार मिलिग्रॅमच्या वर धरलेलं होतं. मावशीचं ताक म्हणजे एक वाटी दही आणि तीन वाट्या पाणी. एका ग्लासात दही येतं जेमतेम साठ ग्रॅम आणि पोटॅशियम शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. चार ग्लासांचं मिळून एका केळ्याइतकं. त्याच्या जिवावर अडीच हजार मिलिग्रॅम सोडियम मारायला निघायचं?

ओआरएसचं थोडक्यात. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असतात, कारण आतड्यात ग्लुकोज सोडियमला हाताशी धरून आत नेतं आणि पाणी मागोमाग जातं. ते जुलाबात शरीर कोरडं पडू नये म्हणून आहे. ताकात ना ते प्रमाण, ना ते काम. आणि खरं ओआरएससुद्धा बीपीवाल्याने रोज सरबतासारखं प्यायची गोष्ट नाही, त्याच्या एका लिटरमध्ये 1700 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं.

गोळी अर्धी करण्याच्या सल्ल्यावर मात्र माझा संयम सुटतो. उन्हाळ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि काहींचं बीपी खरंच खाली येतं. लघवीची गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, चालू असलेल्यांना कडक उन्हाळ्यात चक्कर येऊ शकते, सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरूही शकतं. अशा कुणाला डॉक्टर स्वतः डोस कमी करून देतात. पण ते कुणाला लागू आहे, हे मेसेजला कळत नाही, मोजून कळतं. पाच मिनिटं शांत बसून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून बीपी घ्या. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त पडला, किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. सुस्ती, मळमळ, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी जा. ग्लासभर खारं ताक हे त्यावरचं औषध नाही.

मावशीचं काय झालं ते सांगतो. एरवी तिचं वरचं बीपी 130 ते 134 असतं. चार ग्लास सुरू केल्यावर पाचव्या दिवशी, गोळी अख्खी चालू असताना, ते 148 होतं. मग तिने मेसेजच्या भरवशावर गोळी अर्धी केली आणि तीन दिवसांत ते 162 वर गेलं. आठवड्यात वजन दीड किलोने वाढलं. इतक्या झपाट्याने चरबी वाढत नाही, पाणी वाढतं. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडत होता, पण त्याचं खापर मी एकट्या मिठावर फोडणार नाही, कारण तिला अम्लोडिपिनही आहे आणि त्यानेही घोटे सुजतात. एका बाईचे आकडे म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून तर वर तो प्रयोग सांगितला. ज्यांचं हृदय कमकुवत आहे त्यांच्यात मात्र हेच पाणी फुप्फुसात उतरतं, रात्री आडवं झालं की दम लागतो. तिथे दोन दिवसांत दोन किलो वाढले तर तडक दवाखाना गाठायचा.

ताक बंद करा असं मी म्हणत नाही. मावशीचं ताक चालूच आहे, फक्त मीठ गेलं. आता त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, ठेचलेली मिरची, कोथिंबीर आणि चवीपुरतं हिंग असतं. दही एक दिवस जास्त विरजलेलं घेतलं की आंबटपणा येतो आणि मीठ फारसं आठवत नाही. पहिले तीन-चार दिवस "पाणचट लागतंय" ऐकावं लागलं. तयार ताकमसाला आणि चाटमसाला मात्र काढून टाकले, कारण त्यांच्या घटकांच्या यादीत मीठ आणि पादेलोण अगदी वरच असतं. बाहेरच्या ताकाच्या पाकिटावर सोडियमचा आकडा बहुतेक वेळा 100 मिलिलिटरचा असतो. पाकीट 200 चं असेल तर तो दुप्पट धरायचा.

हे सगळं ऐकून तिच्या मुलाने हौसेने कमी सोडियमचं मीठ आणलं. कल्पना वाईट नाही. पण त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि मावशीच्या गोळीतलं टेल्मिसार्टन मुळातच शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर रक्तातलं पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. तिची क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तोवर ते पाकीट न फोडता फडताळात ठेवलंय.