असार कधी ३१, कधी ३२

"नेपाळचा महिना एका वर्षी ३१ आणि पुढच्या वर्षी ३२ दिवसांचा कसा काय?"

अहो त्यांचा महिना तिथीवर नाही, सूर्यावर चालतो. सूर्य मेष राशीत गेला की बैशाख १, म्हणून नवं वर्ष १३-१४ एप्रिलच्या आसपास, आपल्या पाडव्यासारखं मागेपुढे पळत नाही. आता त्यांचा असार महिना बघा, म्हणजे सूर्य मिथुनेत. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते, वेग कमी, त्यामुळे ही रास ओलांडायला साधारण ३१ दिवस १५ तास लागतात (पुसात जेमतेम २९ दिवस आणि काही तास). पण कॅलेंडरात अर्धा दिवस छापता येत नाही ना! समजा दिवस मध्यरात्री बदलतो आणि संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशीप्रवेश, सकाळी ६ ला झाली, तर पुढची रात्री ९ ला, महिना ३१. पुढच्या वर्षी तीच संक्रांत सहा तास उशिरा, दुपारी १२ ला, मग पुढची जाते पहाटे ३ वर, तारीख उलटली, झाले ३२. म्हणूनच नेपाळी तारखेची इंग्रजी तारीख करून देणाऱ्या अ‍ॅपमध्ये सोपा फॉर्म्युला नसतो, दरवर्षीच्या दिवसांचा तक्ताच भरावा लागतो, आणि तक्त्यात एक आकडा चुकला की पुढच्या तारखा एका दिवसाने सरकल्याच.