समुद्राच्या खोलीचा तक्ता उभा वाचावा की आडवा? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "सी भाषेत तक्ता रकान्यांनी उभा न वाचता ओळींनी आडवा वाचावा, म्हणजे वेग वाढतो, हा तुमचा लेख वाचला, पण पटला नाही. दोन्ही लूपमध्ये बेरजा तेवढ्याच, मग नुसता i आणि j चा क्रम बदलून वेग कसा बदलेल? मी वेंगुर्ल्यात घरच्या लिनक्स लॅपटॉपवर ४०९६ × ४०९६ चा ग्लोबल `double` अ‍ॅरे घेतला, `gcc -O3` ने दोन्ही चालवून पाहिले. फरक नगण्य. शिवाय मला प्रत्येक रेखांशावरची सरासरी खोली हवी आहे, म्हणजे रकानेच वाचावे लागणार. मग हा सल्ला माझ्या काय कामाचा?"

उत्तर:

बेरजा तेवढ्याच, हे अगदी बरोबर. दोन्हीकडे सुमारे १ कोटी ६८ लाख. पण बेरीज करायला प्रोसेसरला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो आकडा त्याच्या हातात पडेपर्यंत. एल-१ कॅश म्हणजे प्रोसेसरला अगदी चिकटलेली छोटी मेमरी; तिच्यात असलेला आकडा चार-पाच सायकलमध्ये मिळतो, रॅममधून आणायचा तर शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त सायकल जातात. तेव्हा कुठल्या क्रमाने किती वेळा रॅमपर्यंत जावं लागतं, एवढंच मोजायचं.

तुमचाच तक्ता घेऊ. एका ओळीत एक अक्षांश: किनाऱ्यापासून सरळ पश्चिमेला समुद्रात जाणाऱ्या खोल्या. एका रकान्यात एक रेखांश: विजयदुर्गाकडून देवगड, मालवण करत खाली वेंगुर्ल्याकडे. सी भाषा अख्खी ओळ सलग ठेवते, मग पुढची ओळ. म्हणजे पश्चिमेकडचा शेजारी ८ बाइटवर आहे आणि दक्षिणेकडचा शेजारी ४०९६ × ८, म्हणजे ३२,७६८ बाइटवर. नकाशावर दोघंही तितकेच जवळ दिसतात, मेमरीत नाहीत.

प्रोसेसर रॅमकडे एक आकडा मागत नाही. देवगडहून हापूस मागवला तर जशी पेटीच येते, तशी इथे ६४ बाइटची कॅश लाइन येते आणि तिच्यात आठ `double` असतात. आडवं वाचताना ते आठही लगेच वापरले जातात, शिवाय पुढची लाइन हार्डवेअर आधीच मागवून ठेवतं. उभं वाचताना त्यातला एक वापरून आपण पुढच्या ओळीवर जातो. उरलेले सात पुढच्या सात रकान्यांना लागणारच आहेत, पण त्यांची पाळी येईपर्यंत ती लाइन कॅशमध्ये टिकली तर! टिकली नाही तर तीच लाइन आठ वेळा आणावी लागते: १२८ एमबीचा तक्ता वाचायला १ जीबीची वाहतूक.

आता ती टिकत का नाही, ते पाहा. मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. एका रकान्यात ४०९६ लाइन लागतात, म्हणजे २५६ केबी. एल-१ नेहमीची ३२ केबीची धरू, म्हणजे ती अपुरीच. पण खरी अडचण आणखी वाईट आहे. ही कॅश ६४ संचांत विभागलेली असते आणि प्रत्येक संचात आठच लाइन मावतात. कुठली लाइन कुठल्या संचात जाणार हे पत्त्यावरून ठरतं: पत्ता भागिले ६४, आणि त्याला पुन्हा ६४ ने भागून उरलेली बाकी. तुमच्या दोन ओळींत ३२,७६८ ÷ ६४ = ५१२ लाइनचं अंतर आहे. ५१२ ला ६४ ने भागा, बाकी शून्य. म्हणजे एका रकान्यातल्या सगळ्या ४०९६ लाइन एकाच संचात येतात आणि आठ जागांसाठी एकमेकींना बाहेर काढतात. बाकीचे ६३ संच त्या वेळी रिकामेच. एल-१ च्या मागे असलेल्या मोठ्या एल-२ कॅशमध्येही याच जातीची कोंडी होते.

याची खूण सोपी आहे. तक्ता `d[4096][4104]` असा घ्या, शेवटचे आठ रकाने वापरू नका. आता दोन ओळींत ५१३ लाइनचं अंतर, बाकी १, म्हणून लाइन सगळ्या संचांत पसरतात. एल-१ अजूनही अपुरीच, पण एल-२ मोठी असेल तर २५६ केबी तिथे बसतात. आकडे वाढवूनही उभा लूप एकदम वेगवान झाला, तर दोष या कोंडीचाच होता असं समजा.

मग तुम्हाला फरक का दिसला नाही? तुमच्या वर्णनातच दोन कारणं आहेत.

पहिलं `-O3`. जीसीसीच्या ८ व्या आवृत्तीपासून या पातळीवर कंपायलर आत-बाहेरचे लूप स्वतः अदलाबदल करू शकतो. अ‍ॅरे ग्लोबल आणि आकार स्थिर असेल तर त्याला ते सुरक्षित आहे हे सिद्ध करणं सोपं जातं. तसं झालं असेल, तर तुम्ही एकच प्रोग्रॅम दोनदा मोजलात. पण तक्ता पॉइंटरने फंक्शनमध्ये आला किंवा आतल्या लूपमध्ये एखादा कॉल आला, की कंपायलर बहुधा हात लावत नाही. `-O2` ने मोजा, किंवा `-fno-loop-interchange` द्या.

दुसरं कारण लपलेलं आहे. अ‍ॅरे आधी भरला होता का? लिनक्सवर न भरलेला ग्लोबल अ‍ॅरे नुसता वाचला, तर साधारणपणे त्याची सगळी पानं, म्हणजे मेमरीचे ४ केबीचे तुकडे, शून्यांच्या एकाच पानाकडे वळवली जातात. मग १२८ एमबीचा तक्ता प्रत्यक्षात ४ केबीचा, आणि तो कॅशमध्ये आरामात बसतो. वर ३२,७६८ पानांच्या जोडणीचा खर्च जो लूप आधी चालतो त्याच्या माथी बसतो. आडवा लूप आधी चालवला असेल, तर त्याचा फायदा तिथेच खाल्ला गेला. म्हणून आधी प्रत्येक घरात खरी संख्या लिहा, मगच घड्याळ लावा, आणि शेवटी उत्तर छापा. नाहीतर कंपायलर लूपच उडवून टाकतो.

घड्याळावर विश्वास नसेल, तर दोन वेगळे प्रोग्रॅम करून हे चालवा:

```
perf stat -e L1-dcache-loads,L1-dcache-load-misses ./ubha
```

आकडा कॅशमध्ये न सापडल्याच्या आडव्याच्या चुका आणि उभ्याच्या चुका शेजारी ठेवल्यात की वेगळं काही सांगावं लागणार नाही.

राहिला रेखांशाच्या सरासरीचा मुद्दा, आणि तो तुमच्या प्रश्नातला सर्वांत चांगला आहे. उत्तर रकान्याचं हवं असलं, तरी वाचन रकान्याने करायची गरज नाही:

```c
for (int i = 0; i < N; i++)
    for (int j = 0; j < N; j++)
        s[j] += d[i][j];
```

एका रेखांशाची बेरीज संपवून पुढच्याकडे जाण्याऐवजी सगळ्या ४०९६ बेरजा एकदम चालू ठेवायच्या. `s` फक्त ३२ केबीचा आहे आणि तोही सलग वाचला जातो, त्यामुळे तो प्रोसेसरच्या जवळच राहतो. प्रत्येक रकान्यातल्या बेरजांचा आपसातला क्रम तोच राहतो, म्हणून दशांशाच्या शेवटच्या अंकापर्यंत उत्तरही तेच येतं.

तक्ता ६० × ६० चा असेल तर मात्र यात वेळ घालवू नका. ते २८,८०० बाइट होतात, सगळे एल-१ मध्ये मावतात आणि कसंही वाचलंत तरी फारसा फरक पडत नाही. आणि हाच कोड फोरट्रानमध्ये नेणार असाल तर लूप पुन्हा उलटे करा, कारण तिथे रकाना सलग असतो.