बी विंगचे वेगळे व्याज

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीची देखभाल बिले पायथनमधल्या एका स्क्रिप्टने निघतात. मी कॉम्प्युटरवर काम करतो, आणि सोसायटीच्या समजुतीनुसार त्यात लिफ्टचाही समावेश होत असल्यामुळे, ती स्क्रिप्ट ओघानेच माझ्या गळ्यात पडली. ए विंग, बी विंग आणि दुकाने यांच्यासाठी व्याजाचे तेच गणित तिच्यात तीनदा चिकटवलेले होते. सर्वसाधारण सभेने व्याज 21 टक्क्यांवरून 18 वर आणले, तेव्हा कोणीतरी दोन ठिकाणी आकडा बदलला आणि तिसरे ठिकाण विसरला. परिणामी 12,000 रुपयांच्या थकबाकीवर ए विंगला महिन्याला 180 रुपये व्याज लागत होते आणि बी विंगला 210. बी विंगवाल्यांचा समज असा, की समितीचा त्यांच्यावर राग आहे.

मी तिन्ही प्रतींऐवजी एक फंक्शन लिहिले:

```python
def vyaj(thakbaki, dar):
    return round(thakbaki * dar / 1200, 2)
```

आकडा लगेच दुरुस्त करावा, असा सेक्रेटरींचा आग्रह होता. पण रचना बदलताना उत्तर बदलायचे नसते. दोन्ही एकदम केले, तर बिलातला फरक दुरुस्तीमुळे पडला की नव्या चुकीमुळे, हे कळत नाही. म्हणून मी गेल्या महिन्याची बिले फाइलमध्ये जपून ठेवली, बी विंगसाठी मुद्दाम 21 हाच दर फंक्शनला दिला आणि जुनी-नवी बिले `diff` ने ताडून पाहिली. एका पैशाचाही फरक निघाला नाही. त्यानंतरच 18 केले. तेव्हा फक्त बी विंगच्या थकबाकीदारांचे आकडे हलले.

हे पाहून अध्यक्षांच्या इंजिनिअर चिरंजिवांना स्फुरण चढले. दुचाकी पार्किंगचे 200 आणि चेक परत आल्याचा दंडही 200, तेव्हा दोन्हींसाठी एकच `SHULK` ठेवावे, असे त्यांनी सुचवले. ‘स्वतःची पुनरावृत्ती करू नका’ हे सूत्र 1999 साली अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी मांडले, ते एकेक माहिती एकाच जागी असावी यासाठी. दोन ओळी सारख्या दिसतात एवढ्यावरून त्या एक करायच्या नसतात. उद्या पार्किंग 300 झाले, तर चेक बुडवणाऱ्याचा दंडही सभेच्या ठरावाविना वाढला असता. मी दोन वेगळी नावे ठेवली. “मग तुम्हीच तर 200 दोनदा लिहिलेत!” असे अध्यक्ष विजयी मुद्रेने म्हणाले.

एव्हाना बी विंगमधल्या निवृत्त बँक अधिकारी आजोबांना सगळे कळले होते. जादा घेतलेले पैसे व्याजासह परत करावेत, आणि व्याजाचा दर अर्थातच 21 टक्के असावा, असे पत्र त्यांनी समितीला दिले. दर बाहेरून देता येईल असे फंक्शन मीच लिहिलेले असल्यामुळे, हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही असे उत्तर समितीला देता आले नाही.